एकाच शीटवर तीन खिडक्या: मॉडेल स्पेस, पेपर स्पेस, स्केलचं कुलूप आणि खिडकीपुरतं लेयर फ्रीज

काही वर्षांपूर्वी एका बंगल्याचा इलेक्ट्रिकल प्लॅन माझ्या टेबलावरून साइटवर गेला. शीटवर स्केल लिहिलं होतं १:५०. वायरमनने बेडरूममधल्या स्विचबोर्डची जागा काढायला प्रिंटवर पट्टी लावली, भिंतीपासून ६९ मिलिमीटर मोजले, पन्नासने गुणलं आणि ३४५० च्या आसपास खूण करून झिरी मारली. बोर्ड हवा होता ३६०० वर. पलंग आला तेव्हा बोर्ड त्याच्या डोक्याकडच्या फळीमागे गेला. झिरी बुजवणं, नवी मारणं, पुन्हा गिलावा, सगळं आलं.

वायरमनचं काही चुकलं नव्हतं. पट्टी बरोबर होती, गुणाकारही बरोबर होता. चूक माझ्या ऑटोकॅडच्या फाइलमध्ये होती. त्या प्लॅनच्या व्ह्यूपोर्टचं, म्हणजे शीटवर तो प्लॅन दाखवणाऱ्या खिडकीचं, स्केल १:५० राहिलेलंच नव्हतं, ते १:५२ झालं होतं. आदल्या संध्याकाळी एक सिम्बॉल सरकवायला मी व्ह्यूपोर्टच्या आत शिरलो, माउसचं चाक फिरवून जवळ गेलो, काम झाल्यावर चाक उलटं फिरवलं आणि नजरेने प्लॅन होता तसा बसवला. डोळ्याला तो बसलाही. डाव्या बाजूच्या बांधकाम प्लॅनला मी हात लावला नव्हता, तो १:५० वरच होता.

या चुकीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बांधकाम प्लॅनचं स्केल असं सरकलं असतं तर फारसं बिघडलं नसतं, कारण गवंडी डायमेन्शनचे आकडे वाचतो. व्ह्यूपोर्ट लहानमोठा झाला तरी ३६०० चा आकडा ३६०० च राहतो. पण इलेक्ट्रिकल प्लॅनमधली डायमेन्शन्स मी त्या व्ह्यूपोर्टपुरती फ्रीज केली होती, गर्दी नको म्हणून. ते योग्यच होतं. पण आकडे झाकल्यावर त्या चित्रात माप सांगणारं फक्त स्केल उरतं. म्हणून लेयर फ्रीज करणं आणि स्केलला कुलूप घालणं मी एकाच कामाचे दोन भाग समजतो. खाली तीच शीट पहिल्यापासून कशी बांधायची ते सांगतो. उदाहरण ऑटोकॅडमधलं आहे आणि फाइल मिलिमीटरमध्ये आहे.

आधी दोन जागांमधला फरक

मॉडेल स्पेस म्हणजे घर. तिथे १२ मीटरची भिंत १२००० काढायची, २३० ची भिंत २३० च. स्केलचा विचार तिथे करायचाच नाही. पेपर स्पेस म्हणजे टेबलावर पसरलेला कागद. A2 कागद ५९४ × ४२० मिलिमीटर, म्हणजे लेआउटमध्येही तो तेवढाच. व्ह्यूपोर्ट म्हणजे त्या कागदाला पाडलेली खिडकी, जिच्यातून मागचं घर दिसतं. स्केल ना घराला असतं, ना कागदाला. ते या खिडकीला असतं. एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकीचे निम्मे घोळ होत नाहीत.

पेपर स्पेस १९९० च्या रिलीज ११ पासून आहे, तरी अजून कितीतरी जण सगळं काम मॉडेलमध्येच उरकतात. बॉर्डर पन्नासपट मोठी करून प्लॅनभोवती ठेवायची, मग प्लॅन कॉपी करून शेजारी इलेक्ट्रिकल, पुन्हा कॉपी करून प्लंबिंग. पहिल्या दिवशी हे झटपट वाटतं. मग मालक सांगतो, किचनचं दार ३०० ने सरकवा. आता ते दार तीन ठिकाणी सरकवायला हवं आणि तिसऱ्या कॉपीत ते हमखास राहून जातं. व्ह्यूपोर्टमध्ये दार एकच असतं. ते सरकलं की तिन्ही खिडक्यांत सरकलेलं दिसतं.

कागदाची वाटणी

आपलं उदाहरण असं: तळमजला १२ मीटर × ९ मीटर. एका A2 शीटवर तीन चित्रं हवीत. डावीकडे बांधकाम प्लॅन १:५०, उजवीकडे इलेक्ट्रिकल प्लॅन १:५० आणि खाली टॉयलेटचा तपशील १:२०.

कागदावर काय किती जागा घेईल ते आधी हिशेबाने काढा. १:५० मध्ये प्लॅन २४० × १८० मिलिमीटर होतो. डायमेन्शनला चारी बाजूंनी जागा सोडून २८० × २३० ची खिडकी पुरते. अशा दोन शेजारी ठेवल्या तर ५६०, आणि दहा-दहा मिलिमीटर मार्जिन सोडल्यावर कागदाची रुंदी ५७४ उरते, म्हणजे बसतं. टॉयलेट २४०० × १५०० चं आहे, ते १:२० मध्ये १२० × ७५ होईल. त्याला १४० × १०० ची खिडकी. उंचीत २३० आणि १०० मिळून ३३० झाले, खाली ६० ची टायटलची पट्टी धरली तरी ४०० च्या आत आहोत. हा हिशेब कागदाच्या कपट्यावर दोन मिनिटांत होतो. तो न करता खिडक्या पाडल्या की मग प्लॅन बसवण्यासाठी स्केल ओढाताणीने ठरवलं जातं आणि १:५३ सारखे आकडे जन्माला येतात.

आता लेआउट टॅबवर राइट क्लिक करून `Page Setup Manager` उघडा. कागद ISO A2, `What to plot` मध्ये `Layout`, प्लॉट स्केल 1:1 आणि एकक मिलिमीटर. लेआउट उघडल्यावर एक व्ह्यूपोर्ट आयता आलेला असतो, तो मी पुसून टाकतो. मग `VPORT` नावाचा लेयर करून त्याचं प्लॉटिंग बंद करा आणि तोच करंट ठेवा. सगळ्या खिडक्या याच लेयरवर राहतील, म्हणजे चौकट स्क्रीनवर दिसेल पण कागदावर उमटणार नाही.

पहिली खिडकी आणि तिचं स्केल

`MVIEW` द्या आणि डावीकडे २८० × २३० चा चौकोन ओढा. चौकोनाच्या आत डबल क्लिक केलं की चौकट जाड होते, म्हणजे तुम्ही कागदातून घरात शिरलात. आता आधी सगळं दिसू द्या, मग स्केल द्या:

```
ZOOM
E
ZOOM
1/50xp
```

`xp` म्हणजे कागदाच्या तुलनेत. फाइल मिलिमीटरमध्ये असेल तेव्हाच हे 1/50 असतं. मीटरमध्ये काढलेल्या फाइलला, एक मीटर म्हणजे कागदाचे १००० मिलिमीटर असल्यामुळे, त्याच स्केलसाठी `20xp` द्यावं लागतं. जुनी फाइल दुसऱ्याकडून आली असेल तर इथेच गफलत होते, म्हणून आधी एका दाराची रुंदी मोजून बघा. ९०० आली तर मिलिमीटर, ०.९ आली तर मीटर.

स्टेटस बारवरच्या यादीतून 1:50 निवडलं तरी चालतं, आणि मजकूर अ‍ॅनोटेटिव्ह, म्हणजे स्केलप्रमाणे आपोआप लहानमोठा होणारा, असेल तर तेच बरं. त्या यादीने व्ह्यूपोर्टचं आणि अ‍ॅनोटेशनचं स्केल एकत्र बदलतं. स्केल बसल्यावर फक्त `PAN` करून प्लॅन मध्यावर आणा. चाकाला बोट लावू नका.

लगेच कुलूप

इथेच, पुढचं काहीही करण्याआधी, लॉक करा. खिडकीबाहेर डबल क्लिक करून कागदावर या, चौकट निवडा, `Properties` मध्ये `Display locked` समोर `Yes` करा. स्टेटस बारवरचं कुलपाचं चिन्हही हेच काम करतं. लेआउटमधल्या सगळ्या खिडक्या एकदम लॉक करायच्या असतील तर:

```
MVIEW
L
ON
ALL
```

शेवटी एकदा एंटर द्या.

लॉक केल्यावर खिडकीच्या आत शिरून चाक फिरवलं तर घर जवळ येत नाही, अख्खा कागदच जवळ येतो. म्हणजे आतलं काम जवळून करता येतं आणि स्केल जागचं हलत नाही. लॉकमुळे आत काम करता येत नाही असं अनेकांना वाटतं आणि म्हणून ते लॉक टाळतात. प्रत्यक्षात लॉक केल्यावरच आत निर्धास्त काम करता येतं. फारच बारीक काम असेल तर `VPMAX` देऊन खिडकी स्क्रीनभर करा, हवं तसं झूम करा आणि `VPMIN` ने परत या. स्केल जसंच्या तसं राहतं.

कुलूप काय थांबवत नाही हेही माहीत हवं. ते स्केल आणि दृश्य धरून ठेवतं, चौकट नाही. चौकट पुसता येते, सरकवता येते, ग्रिप ओढून लहान केली तर प्लॅनची कड कापली जाते. आणि आत शिरून एखादी भिंत पुसली तर ती खऱ्या घरातून पुसली जाते, तिन्ही चित्रांतून.

दुसरी खिडकी काढू नका, कॉपी करा

उजवीकडच्या प्लॅनसाठी नवी खिडकी पाडून पुन्हा झूम-पॅन करत बसलात तर दोन प्लॅन एका ओळीत येणार नाहीत. कागदावर या आणि लॉक केलेली चौकट `COPY` करून बरोबर आडवी २९० वर ठेवा. कॉपीला तेच दृश्य, तेच स्केल आणि तेच कुलूप मिळतं. दोन्ही प्लॅनच्या भिंती एका रेषेत येतात आणि दोन खिडक्यांत दहाची फट राहते. टॉयलेटची खिडकी मात्र स्वतंत्र काढा, `1/20xp` द्या, टॉयलेट मध्यावर आणा, लॉक करा.

आता फ्रीज

या क्षणी तिन्ही खिडक्यांत सगळं एकत्र दिसतंय: फर्निचर, वायरिंग, डायमेन्शन, टॉयलेटच्या टाइल्स. उजवीकडच्या खिडकीत डबल क्लिक करून आत शिरा आणि `LAYER` उघडा. उजवीकडे सरकवत गेलात की `VP Freeze` हा रकाना सापडेल. तो लेआउटमध्ये असतानाच दिसतो, मॉडेल टॅबवर नाही. `DIM-50`, `DIM-20` आणि `TILE` यांच्या समोर त्या रकान्यात क्लिक करा. डावीकडच्या खिडकीत शिरून `ELEC` चे लेयर, `DIM-20` आणि `TILE` तसेच फ्रीज करा.

`DIM-50` आणि `DIM-20` वेगळे का, ते सांगतो. कागदावर २.५ मिलिमीटर उंचीचं अक्षर हवं असेल तर १:५० साठी मॉडेलमध्ये ते १२५ चं लागतं आणि १:२० साठी ५० चं. एकच डायमेन्शन दोन्ही खिडक्यांत दाखवलं तर टॉयलेटच्या तपशिलात सव्वासहा मिलिमीटरची ढोबळ अक्षरं उमटतात. म्हणून दोन स्टाइल, दोन लेयर, आणि प्रत्येक खिडकीत आपापला सोडून दुसरा फ्रीज. अ‍ॅनोटेटिव्ह डायमेन्शनने हेच काम आपोआप होतं, पण ज्या ऑफिसात फाइल पाच हातांतून फिरते तिथे मला दोन लेयरचा सरळ मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. कोणालाही लेयरची यादी बघून काय चाललंय ते कळतं.

खिडकीत न शिरता, कागदावरूनही हे करता येतं, आणि लेयर बरेच असले तर हेच सोयीचं:

```
VPLAYER
F
ELEC*,DIM-20,TILE
S
```

मग चौकट निवडून एंटर, कमांड संपवायला पुन्हा एंटर. `ELEC*` मुळे त्या नावाने सुरू होणारे सगळे लेयर एकदम येतात. लेयरची नावं शिस्तीत ठेवल्याचा फायदा इथे हातात मिळतो.

फ्रीजच्या तीन खोड्या आहेत, आणि तिन्हींनी मला कधी ना कधी अडवलं आहे.

पहिली, शेजारचा रकाना. `Freeze` आणि `VP Freeze` हे दोन वेगळे रकाने आहेत. चुकून साध्या `Freeze` वर क्लिक झालं तर तो लेयर सगळ्या फाइलमधून नाहीसा होतो, आणि मग एखाद्या खिडकीत `VP Freeze` कितीही काढलं तरी तो दिसत नाही. सगळीकडे फ्रीज किंवा ऑफ असलेला लेयर एका खिडकीपुरता उघडता येत नाही. एका खिडकीत काही दिसत नसेल तर आधी तेच चित्र मॉडेल टॅबवर दिसतंय का ते बघा. तिथेही नसेल तर प्रश्न खिडकीचा नाहीच.

दुसरी, तुम्ही कुठे उभे आहात. खिडकीत न शिरता कागदावर असतानाच `VP Freeze` वर क्लिक केलं तर ते फ्रीज कागदालाच लागतं. खिडकीतलं काहीच बदलत नाही, आणि पुढे कागदावर त्या लेयरवर लिहिलेली टीप गायब होते. क्लिक केलं आणि काहीच झालं नाही असं वाटलं तर तिथेच थांबा, क्लिक परत घ्या, खिडकीत शिरा आणि मग करा.

तिसरी खोडी उशिरा कळते. शीट तयार आहे, महिन्याने प्लंबिंग सल्लागाराचं काम सुरू होतं आणि `PLUMB` हा नवा लेयर येतो. नवा लेयर सगळ्या जुन्या खिडक्यांत उघडाच असतो, त्यामुळे वायरमनच्या प्लॅनवर ड्रेनेजच्या रेषा पसरतात. `New VP Freeze` हा रकाना यावर उपाय वाटतो, पण तो फक्त यापुढे बनणाऱ्या खिडक्यांना लागू होतो. जुन्यांसाठी लेयर जन्मतःच सगळीकडे फ्रीज करून आणावा लागतो:

```
VPLAYER
N
PLUMB
```

मग एंटर देऊन कमांड संपवायची आणि ज्या एका खिडकीत तो हवा तिथे शिरून उघडायचा. लेयर आधीच आलेला असेल तर हव्या त्या खिडकीत शिरून `LAYVPI` द्या आणि त्या लेयरवरची एखादी वस्तू निवडा. ती खिडकी सोडून बाकी सगळ्यांत तो लेयर फ्रीज होतो. ही कमांड फार कमी जण वापरतात, पण दहा-बारा शीटच्या फाइलमध्ये तिने माझे तास वाचवले आहेत.

स्केल सरकलंय हे ओळखायचं कसं

माझ्या त्या शीटची चौकट निवडून `Properties` बघितलं असतं तर `Standard scale` समोर `Custom` दिसलं असतं आणि `Custom scale` समोर 0.0192. १:५० साठी तिथे 0.02 हवं. एक भागिले 0.0192 म्हणजे ५२.०८. बारा मीटरचा प्लॅन २४० ऐवजी २३०.४ मिलिमीटर भरत होता. शेजारीशेजारी असलेल्या दोन प्लॅनमध्ये जवळजवळ एक सेंटिमीटरचा फरक होता आणि तो कोणाच्याच नजरेला आला नाही, कारण दोन चित्रं वेगळी दिसत होती. स्विचबोर्डचे ३६०० या हिशेबाने ६९.१ मिलिमीटर उमटले, पन्नासने गुणल्यावर ३४५६. एकशे चव्वेचाळीस मिलिमीटरची चूक तिथून आली.

तपासायला `DIST` वापरू नका. कागदावरून खिडकीतल्या कोपऱ्यांना स्नॅप करून मोजलं तर ती कमांड घराचं माप सांगते, कागदाचं नाही, आणि १२००० वाचून उगाच समाधान होतं. त्यापेक्षा कागदावर २४० ची एक रेघ काढा आणि प्लॅनच्या बाहेरच्या भिंतीवर नेऊन ठेवा. टोकं जुळली तर स्केल खरं.

याहून चांगली सोय अशी की चित्राखालचं स्केल हाताने लिहायचंच नाही. `FIELD` उघडा, `Object` निवडा, त्या व्ह्यूपोर्टच्या चौकटीवर क्लिक करा, `Custom scale` घ्या आणि मांडणी `1:#` ठेवा. आता शीर्षकाखालचा आकडा खिडकीतूनच येतो. स्केल सरकलं तर पुढच्या `REGEN` ला किंवा प्रिंटला तिथे १:५२ असं काहीतरी उमटेल आणि बघणारा विचारेल. हाताने टाइप केलेलं १:५० तेव्हाही १:५० च राहिलं, आणि वायरमनने त्यावर विश्वास ठेवला.

शेवटची तपासणी प्लॉटिंगच्या दुकानातली. आपली पीडीएफ बरोबर असली तरी काउंटरवरून ती कागदात बसवून छापली जाते आणि सगळी शीट दोन-चार टक्के लहान होते. या चुकीपुढे व्ह्यूपोर्टचं कुलूप आणि ते फील्ड दोन्ही निरुपयोगी, कारण फाइलमध्ये काही बिघडलेलंच नसतं. म्हणून छापताना `Actual size` सांगा, आणि पहिली प्रिंट हातात आली की दुकानातच पट्टी काढून प्लॅनची बाहेरची भिंत मोजा. २४० भरली तरच बाकीच्या प्रती काढायला सांगा.